मदत हवी आहे: उणे ४६ ला चार्पीचे तीन आकडे इतके वेगळे का?

वाळूज_क्यूसी: आमच्याकडे एलएफ२ क्लास १ चे फोर्ज्ड फ्लँज होतात. एकाच टेस्ट पीसमधून काढलेल्या तीन नमुन्यांचे उणे ४६ अंशांना आकडे आले ३४, ११ आणि २७ ज्यूल. सरासरी २४, म्हणजे लागणाऱ्या २० च्या वर. पण एकही नमुना १६ च्या खाली चालत नाही, त्यामुळे लॉट अडकलाय. खोलीच्या तापमानाला हाच माल १४० च्या आसपास देतो. मशीन चुकतंय का?

जालना_रोलिंग: आमच्या सळया वाकवताना तुटायच्या, पाणी मारण्याचा दाब कमी केला आणि थांबलं. तुम्हीही हार्डनेस कमी करून बघा.

वाळूज_क्यूसी: दादा, सळईची वाकवण्याची चाचणी वेगळी. यात खाच असते आणि थंडी असते. हार्डनेस मर्यादेतच आहे.

उष्णोपचार_काका: नमुना बाथमधून काढून ठेवायला उशीर झाला असणार. पाच सेकंदांच्या आत हातोडा सुटायला हवा.

धातू_मास्तर: काका, पाच सेकंदांचं बरोबर, पण उशिराने नमुना गरम होतो आणि आकडा वाढतो. म्हणून शंका घ्यायचीच तर ३४ वर घ्या, ११ वर नाही.

पोलाद थंड होतं तसं त्याला आकार बदलायला जास्त ताण लागतो, पण दाणा चिरायला लागणारा ताण फारसा बदलत नाही. एका टप्प्यानंतर वाकण्याआधीच चीर पळते. तो टप्पा म्हणजे एक ठरावीक अंश नसतो, उतार असतो, आणि तुमचा माल उणे ४६ ला त्या उतारावर आहे. तिथे खाचेच्या टोकाशी एखादा मोठा दाणा किंवा कार्बाइड आला की नमुना लवकर फुटतो, शेजारचा तगतो. असा फरक तिथे येतोच.

हातोडा किती उंचीवरून सुटला आणि पलीकडे किती चढला, यातला फरक म्हणजे तो आकडा. वाकणं, चीर सुरू होणं, चीर पळणं, सगळ्याची ऊर्जा त्यात एकत्र. त्यावरून फ्लँज किती दाब पेलेल ते काढता येत नाही.

तुटलेले तुकडे बघा. चकाकणारा दाणेदार भाग किती, आणि कडेला तिरका, करडा, ताणलेला ओठ किती?

वाळूज_क्यूसी: सर, ११ वाल्याचा जवळजवळ सगळा चेहरा चमकतोय. ३४ ला दोन्ही कडांना ओठ आहेत.

धातू_मास्तर: मग त्या तुकड्याचा मायक्रो करा. दाणे जाड निघाले तर नॉर्मलाइझिंगकडे बघा. भट्टीत ढीग लावला की मधला माल तापमानाला उशिरा पोचतो. शिवाय उणे २० आणि उणे ३० लाही तीन-तीन फोडा, उतार कुठे सुरू होतो ते दिसेल.

उष्णोपचार_काका: आमच्याकडे दाणे बारीक असूनही एकदा असंच झालं होतं, कारण सापडलं नाही. टेस्ट पीस मधल्या ट्रेवरचा होता का?

वाळूज_क्यूसी: चार्टमध्ये ट्रे नंबर नाही. शिफ्टवाल्याला विचारून सांगतो.