एएस-आयचं मॉड्यूल बदललं की ॲड्रेस हातानं द्यायचा की मास्टरवर सोडायचा?

हळदवाला, सांगली: कुपवाडला आमच्या पॅकिंग लाइनवर एएस-आयच्या एका पिवळ्या केबलवर सेन्सर जोडायची 22 मॉड्यूल आहेत, सगळ्यांना नंबरानं विचारणारा मास्टर एकच. मेंटेनन्सवाले म्हणतात मास्टर आपोआप ॲड्रेस देतो, हँडहेल्ड ॲड्रेसर घ्यायचा खर्च कशाला. बरोबर आहे का?

मिरजेचा फिटर: बरोबरच आहे. नवीन मॉड्यूल कंपनीतनं 0 ॲड्रेसवर येतं, मास्टरला दिसतं 7 नंबर गायब आहे आणि त्याच जातीचं 0 वर आलंय, तो त्याला 7 देऊन टाकतो. रात्रपाळीला लॅपटॉप कुठं शोधत बसायचं?

पॅनेलवाले काका: एकच गायब असेल तर, आणि मास्टरमध्ये ती सेटिंग चालू असेल तर. दोन गेली की खेळ संपला. आमच्याकडं 7 आणि 12 एकदम बदलली, पोरानं दोन्ही नवी केबलवर चढवली, दोन गायब म्हणून मास्टर गप्प. मग त्यानं सॉफ्टवेअरमधून 0 चा 7 केला, पण केबलवर 0 दोघंही होते, तो हुकूम दोघांनीही ऐकला आणि दोघंही 7 झाले! दोघांचे सेन्सर सारखे असतील तोवर उत्तर एकच, मास्टरला दोन आहेत हे कळायचंच नाही. एकावर पोतं आलं की उत्तरं एकमेकांवर आदळायची, फॉल्ट येतोय जातोय, आणि आम्ही दिवसभर केबल हलवत बसलो. 12 गायब दाखवत होतं तिकडं कुणी बघितलंच नाही. एक काढून ठेवायचं, एकाला ॲड्रेस द्यायचा, मग दुसरं लावायचं.

सातारकर: पण एका केबलवर 31 नाही, आता 62 स्लेव्ह म्हणजे मॉड्यूल चालतात ना, मग एवढा ताण कशाला?

पॅनेलवाले काका: 62 चालतात, पण मॉड्यूल ए-बी वालं पाहिजे आणि मास्टरलाही ते कळायला पाहिजे. साधं मॉड्यूल 7 वर बसलं की 7ए, 7बी दोन्ही जागा गेल्या. आणि 62 झाले की सगळ्यांना विचारायच्या एका फेरीला 5 ऐवजी 10 मिलिसेकंद.

कराडची ताई: आमचं तर एकही मॉड्यूल दिसत नव्हतं, ॲड्रेस सगळे नीट! शेवटी कळलं की एएस-आयची पॉवर सप्लाय जळाली म्हणून कुणीतरी साधी 24 व्होल्टची लावलेली, डेटा सगळा सप्लायच पिऊन टाकत होती.

मिरजेचा फिटर: काका, तुमचं दोनचं पटलं. पण हातानं ॲड्रेस देताना 7 च्या जागी 12 आणि 12 च्या जागी 7 दिला, दोन्ही एकाच जातीचे, तर मास्टर काहीच ओरडत नाही, नुसते सेन्सर अदलाबदल होतात. मास्टर ती चूक करत नाही. मी एक-एक करून त्याच्यावरच सोडणार.

पॅनेलवाले काका: म्हणून मॉड्यूलवर नंबर लिहायचा, आणि लावल्यावर प्रत्येक सेन्सरसमोर हात धरून इनपुट बघायचा. ॲड्रेसर मी तरी घेईनच.