मॅक गुणिले १२३५: विमानाच्या उंचीवर हा हिशोब चालतो का?

विहंग_७: मॅक ०.८५ ने, म्हणजे आवाजाच्या ०.८५ पट वेगाने, ११ किमी उंचीवर जाणाऱ्या विमानाचा वेग मी १२३५ ने गुणून १०५० किमी/तास काढला. मित्र म्हणतो ९०३. माझं मत, आवाजाचा वेग एकच, मग गुणकही एकच हवा. कोण चुकतंय?

जुना_नेव्हिगेटर: तुम्ही. १२३५ हा २० अंश सेल्सिअसच्या हवेतल्या आवाजाच्या वेगाचा आकडा. ११ किमीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ धरतात. त्यात २७३.१५ मिळवा, २१६.६५ केल्विन झाले. वर्गमूळ १४.७२, त्याला ७२.१७ ने गुणलं की १०६२. त्याचे ०.८५ पट म्हणजे ९०३.

सरळरेषा: निकाल मान्य. पण कारण सोपं आहे, वर हवा विरळ म्हणून आवाज हळू.

जुना_नेव्हिगेटर: इथेच घोळ होतो. वर जाताना दाब आणि घनता दोन्ही घटतात, आणि वेगाच्या सूत्रात त्यांचं गुणोत्तर येतं. ते ठरतं तापमानावर. म्हणून तर प्रमाण वातावरणात ११ ते २० किमी हवा विरळ होत जाते, तरी १०६२ हलत नाही. तापमानच तिथे स्थिर धरलंय ना!

खिडकीची_सीट: पण मी स्वतः सीटसमोरच्या स्क्रीनवर १०५० पाहिलंय, बाहेर उणे ५४! म्हणजे १२३५ च बरोबर निघालं की.

जुना_नेव्हिगेटर: योगायोग हो. स्क्रीनवरचा वेग जमिनीच्या सापेक्ष असतो. उणे ५४ ला ०.८५ चे ९०८ होतात. विमान खरंच ०.८५ ने चाललं असेल तर उरलेले १४० वाऱ्याने मागून ढकलले. परतीला किती वेळ लागला होता?

खिडकीची_सीट: दीड तास जास्त. 🙂 बरं.

सरळरेषा: मग सगळ्यांनी १०६२ पाठ करावं आणि सोडून द्यावं. तापमान कोण बघत बसतं?

जुना_नेव्हिगेटर: अंदाजाला चालेल. पण हवा प्रमाणापेक्षा १० अंश गरम असली की तोच ०.८५ मॅक ९२४ होतो. एकवीस किमीचा फरक, आठ तासांत दीडशेच्या वर. आणि तापमान कुठलं घेताय तेही बघा. विमानाच्या नाकाजवळची नळी हवा अडवते, त्यामुळे ती गरम होते. बाहेर उणे ५६.५ असताना तिथे उणे २५ च्या आसपास दिसतं. ते सूत्रात घातलंत तर ९०३ ऐवजी ९६६ येईल, आणि आकडा इतका पटण्यासारखा दिसतो की शंकाही येत नाही.

सरळरेषा: बातमीत मॅक ०.८५ वाचणाऱ्याला एवढ्या भानगडी कशाला? मी १०६० वरच थांबणार.

विहंग_७: माझा तक्ता बदलतोय. तापमानाचा रकाना ठेवू की नको, ते मात्र अजून ठरत नाहीये.