मदत हवी आहे: दुपारनंतरची सगळी कामं २ वाजताच दाखवतंय

नमस्कार मंडळी. परभणीत माझं झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. रोज सकाळी शीटमध्ये A ला काम, B ला मिनिटं टाकतो. C मध्ये सुरुवातीची वेळ आपोआप येते. C2 मध्ये ९:०० हातानं लिहितो. १ ते २ लाईट नसते, म्हणून C3 पासून खाली हे सूत्र ओढलंय:

```
=IF(C2+B2/1440+B3/1440>TIME(13,0,0),TIME(14,0,0),C2+B2/1440)
```

आजची कामं ९०, ६०, ४५, ६०, ३० मिनिटांची. पहिली तीन सव्वाबारापर्यंत बरोबर बसली. चौथं एकच्या पुढं जातंय म्हणून २ वाजता गेलं, तेही ठीक. पण पाचवं ३ ला यायचं, तर तेही २ लाच! दोनच्या पुढंही 'एकपेक्षा जास्त' ही अट खरीच ठरते, एवढं उमगलं. दुरुस्ती कशी करू?

शिवाय सव्वाबारा ते एक रिकामंच राहतंय. तिथं ३० मिनिटांचं काम आपोआप बसवता येईल, की हातानंच वर-खाली करावं लागेल?