'गाडी चुकली' आणि 'गाडी चुकवली'

प्रश्न (देवगड)
आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी गावातल्या जुन्या मंडळींच्या आठवणी उतरवून घेते आहे. एका आजोबांचं वाक्य ऐकून आम्ही सगळे पोट धरून हसलो:

"आज यष्टी वेळार इली, म्हणान अर्ध्या गावाची गाडी चुकली."

स्मरणिका बाहेरगावच्या पाहुण्यांच्याही हातात जाणार, आणि प्रकाशनाला एस.टी.चे एक अधिकारी येणार आहेत. म्हणून मी लिहिलं: "त्या दिवशी बस नियोजित वेळेत आल्यामुळे निम्म्या ग्रामस्थांनी ती चुकवली." व्याकरण ठीक वाटतं, पण कुणीच हसत नाही. कुठे बिघडलं?

दापोली
'वेळार' हे प्रमाण मराठीत 'वेळेवर' असं लिहावं. 'यष्टी'ही नको, 'एस.टी.' हवं.

देवगड
दादा, ते ठाऊक आहे. शुद्धलेखनाचं नाही विचारत, हसू कुठे गेलं ते विचारते आहे.

मालवण
बोलीतला विनोद बोलीतच राहतो. वाक्य मालवणीत अवतरणात ठेवा, खाली अर्थ द्या.

कुडाळ (निवृत्त शिक्षक)
आजोबांचं बोलणं जसंच्या तसं ठेवावं हे मला पटतं. पण खाली अर्थ दिलात की वाचकाला विनोद समजेल, हसू येणार नाही. शिवाय ज्याला मालवणी येत नाही तो 'यष्टी' आणि 'इली' या उच्चारांनाच हसेल. आजोबांच्या बोलण्यातली गंमत उच्चारात नाही, ती प्रमाण मराठीतही येते.

ताई, तुमचं वाक्य एका शब्दाने मोडलं आहे: 'चुकवली'. गाडी चुकते ती आपल्या हातून नकळत. चुकवतो ते जाणूनबुजून, जशी वर्गणीवाल्याची नजर चुकवतो. तुमच्या वाक्यात गावकरी बस दिसताच माडामागे लपले, असा अर्थ होतो.

आता मूळ वाक्य पाहा. 'यष्टी इली' आणि 'गाडी चुकली', दोन्हीकडे कर्ता गाडीच. माणसं नुसती 'गावाची' या शब्दात उभी आहेत, ती काहीच करत नाहीत. 'इली-चुकली' असं यमकही जुळतं, आणि प्रमाण मराठीत 'आली-चुकली' म्हणून ते आयतं टिकतं. 'ग्रामस्थांनी' आलं की ही जोडी तुटते.

दुसरी गोष्ट 'आल्यामुळे'. 'वेळार इली' इथे वाक्य क्षणभर थांबतं, ऐकणाऱ्याला वाटतं चांगली बातमी आहे. मग 'म्हणान' येतं आणि ती उलटते. 'आल्यामुळे' म्हटलं की काहीतरी परिणाम येतोय हे आधीच कळतं, थांबायला जागा उरत नाही. 'म्हणान' म्हणजे आपलं 'म्हणून'च, तो शब्द औपचारिक लेखनात सहज चालतो. म्हणून मी एवढंच बदलेन:

"त्या दिवशी एस.टी. वेळेवर आली, म्हणून अर्ध्या गावाची गाडी चुकली."

शेवटचे दोन शब्द झाकून कुणाला तरी वाचून दाखवा. आधीच ओळखले, तर वाक्य अजून सैल आहे.

रत्नागिरी
मी कचेरीत टिपणं लिहिते, मला वेगळं सुचतं. औपचारिक करायचंच तर पूर्ण करा: "बस वेळेवर आल्याने प्रवाशांची गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत." 'उशिरा'च्या जागी 'वेळेवर', बाकी सगळी सूचनेची भाषा. मला तर याचंच जास्त हसू आलं.

कुडाळ
वाक्य छान आहे, आणि इथे 'आल्याने'ही चालतं, कारण फलकावर तसंच लिहितात. पण मग बोलणारं महामंडळ झालं, आजोबा नाहीत. आणि पाहुण्यांसमोर तो टोला एस.टी.च्या अधिकाऱ्यांनाच बसतो. मूळ वाक्यात एस.टी.ला कुणी बोल लावत नाही. गाडी उशिराच येणार म्हणून पेज जेवून निवांत निघालेले गावकरीच फसले, आणि आजोबा त्यांच्यातलेच एक.

रत्नागिरी
बोल लागत नाही कसा? 'वेळेवर आली' यात 'एरवी येत नाही' हे आलंच की.

कुडाळ
आलं, पण न उच्चारता. 'नेहमीप्रमाणे उशिरा न येता' असं कुणी मध्ये घातलं तर ती तक्रार होईल.

मालवण
'अर्ध्या गावाची' चालेल? छापील मजकुरात 'अनेकांची' बरं दिसतं.

कुडाळ
'अनेकांची' म्हटलं की डोळ्यांसमोर कुणीच येत नाही. 'अर्धं गाव' थांब्यावर दिसतं.

देवगड
काल रात्री शेवटचे दोन शब्द झाकून बाबांना वाचून दाखवलं. 'अर्ध्या गावाची' इथे मी थांबले तर ते म्हणाले, "सोय झाली?" मग 'गाडी चुकली' वाचलं, तेव्हा मोठ्याने हसले. सरांचं वाक्य घेते आहे. 'त्या दिवशी' हवं की आजोबांचं 'आज'च ठेवावं, यावर घरात अजून दोन मतं आहेत. रत्नागिरीच्या ताईंचं वाक्य आमच्या थांब्यावरच्या फळ्यासाठी मागून घेऊ का?