पहिल्या हप्त्यातले 82 टक्के व्याजातच, हे बरोबर आहे का?

विश्रामबागकर: सांगलीत फ्लॅट घेतला, 25 लाख कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता 21,696. पहिल्या हप्त्यातले 17,708 व्याजात आणि मुद्दलात फक्त 3,988 गेले. बँक व्याज आधी वसूल करून घेते, ही लूट नाही का?

मिरजवाला: लूटच आहे राव. सुरुवातीची वर्षं नुसतं व्याज काढून घेतात. माझ्या हिशोबाने निम्मा हप्ता मुद्दलात जायला जवळपास 12 वर्षं लागतात, तोवर माणूस दमतो.

हळदबाजार: 12 वर्षांचं बरोबर आहे दादा, पण आधी वसूल करतात हे चूक. मी कर्जखात्याचंच काम करतो. 25 लाखाचं साडेआठ टक्क्यांनी वर्षाचं व्याज 2,12,500, त्याला 12 ने भागा, 17,708च येतात, म्हणजे त्या महिन्यात वापरलेल्या पैशाचंच व्याज, पुढचं एक रुपयाही नाही. आणि हे 82 टक्के कर्जाच्या रकमेवर ठरत नाहीत, 5 लाख घ्या नाहीतर 50 लाख, दर आणि मुदत तीच असेल तर वाटा तोच. मुदत 15 वर्षं केली तर हप्ता साधारण 24,618 होतो, व्याज तेच 17,708, वाटा 72 टक्क्यांवर येतो. वरचे 2,922 सगळे मुद्दलात जातात.

कृष्णाकाठ: माझा तर पहिला हप्ता शंभर टक्के व्याजच होता, मुद्दल शून्य! बांधकाम चालू होतं तेव्हा दोन वर्षं असंच भरलं.

हळदबाजार: ताई, तो प्री-ईएमआय. बिल्डरला जेवढी रक्कम सुटली तेवढ्याचंच व्याज, मुद्दलाचा हप्ता तेव्हा सुरूच झालेला नसतो. विश्रामबागकरांचं तसं नाही.

मिरजवाला: बरं, लूट नाही म्हणा. पण मग आधी व्याज जास्त गेलंय म्हणून नंतर जादा पैसे भरून उपयोग नाही, हे तरी खरं ना?

हळदबाजार: उशिरा भरलं तर फायदा कमी, एवढंच खरं. पहिल्या हप्त्यानंतर लगेच 1 लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे साधारण 23 हप्ते उडतात. फक्त अर्जावर मुदत कमी करा असं लिहून द्या, नाहीतर काही वेळा हप्ताच कमी करून देतात आणि मुदत तशीच राहते. नंतर स्टेटमेंटमध्ये शिल्लक हप्ते मोजून बघा.

कृष्णाकाठ: हे गणित पटलं, पण मी नाही भरणार. 2019 च्या महापुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं, तेव्हा हातात लाखभर होते म्हणून परत उभे राहिलो. कर्जात टाकले असते तर त्या दिवशी मागायला कुठं गेलो असतो?

विश्रामबागकर: मी 15 वर्षांचंच विचारून बघतो, 2,922 जमतील. ताईंचं पण डोक्यात राहिलंय, बायकोला विचारतो.