उद्दिष्ट अपुरं राहिलं असेल तर

> ‘वर्षात दहा प्रशिक्षणं घ्यायची होती, सातच झाली. स्व-मूल्यमापनात “पूर्ण प्रयत्न केले” एवढं लिहिलं तर चालेल का?’

नको. त्या वाक्यातून वरिष्ठांना काहीच मोजता येत नाही, आणि सातचा आकडा त्यांच्याकडे बहुधा आधीच असतो. तो तुम्हीच पहिल्या वाक्यात द्या. मग कारणं वेगळी करा: हातात नसलेलं काय आणि तुमचं चुकलेलं काय. सगळी गल्लत इथेच होते. लोक एक तर सगळं परिस्थितीवर ढकलतात, नाही तर उगाच सगळा दोष अंगावर घेतात.

साधारण असं लिहिता येईल:

‘१० पैकी ७ प्रशिक्षणं घेतली, एकूण ११२ जण हजर होते. दोन सत्रं नवी प्रणाली लांबल्यामुळे रद्द झाली. एकाची तारीख मी उशिरा कळवली, म्हणून पुरेशी नोंदणी झाली नाही. ऑक्टोबरपासून तारखा सहा आठवडे आधी कळवतो. त्यानंतरची तिन्ही सत्रं ठरल्या दिवशी झाली.’

शेवटचं वाक्य झालेल्या बदलाचं आहे. ‘पुढे काळजी घेईन’ हे नुसतं आश्वासन, ते तपासता येत नाही. बदल अजून केलाच नसेल, तर मात्र तारखेसह पुढचं पाऊल लिहा, झाल्यासारखं भासवू नका. आणि आकडे हजेरीपटाशी ताडून पाहा. एक जरी चुकला तरी बाकीच्यांवर शंका येते.