मदत हवी आहे: स्क्रीनशॉटवरून ट्रेड लिहून काढलेत, पण ०.०००८ ईथर कुठे गेलं तेच कळत नाहीये

धांदरट
एका एक्सचेंजवरचं माझं अकाउंट आता बंद आहे, सीएसव्ही वगैरे काही काढून ठेवलं नव्हतं, हातात फक्त ट्रेड हिस्टरीचा एक स्क्रीनशॉट आहे आणि तोही झूम करून करून फाटलेला. त्यावरून प्रत्येक विक्रीत किती सुटले ते काढायचंय. जसं दिसतंय तसं खाली टाइप केलंय, नवीन ट्रेड वर आहेत.

```
Date(UTC)    Side  Price    Executed  Amount   Fee
09-19 21:05  SELL  2398.00  0.2000    479.60   0.4796 USDT
09-19 21:05  SELL  2400.00  0.4000    960.00   0.96 USDT
09-11 07:15  BUY   2200.00  0.?000    660.00   0.000? ETH
09-03 18:42  BUY   2000.00  0.5000    1000.00  0.0005 ETH
```

सगळे ETHUSDT. प्रश्नचिन्ह टाकलंय तिथे ३ आहे का ८ काही केल्या कळत नाही, मी ३ धरलाय. वरच्या दोन ओळींची वेळ एकच आहे म्हणून आधी वाटलं एकच ट्रेड दोनदा आलाय. आता मी ०.५ अधिक ०.३ वजा ०.६ केलं तर ०.२ उरायला हवं, पण शेवटचा बॅलन्स ०.१९९२ दिसतोय (अकाउंटमध्ये ईथर एवढंच, बाहेरून काही आणलं नाही, बाहेर पाठवलं नाही). फायदा काढताना पहिल्यांदा घेतलेलं पहिल्यांदा विकलं असं धरलं, २१९.६० आले, त्यातून फीच्या कॉलमची बेरीज १.४४०४ वजा केली, म्हणजे २१८.१६. बरोबर आहे का? मला तरी काहीतरी गडबड वाटतेय.

भरकटलेला
हे ०.०००८ विड्रॉवल फी असणार. माझे पण असेच गेले होते, वॉलेटला पाठवताना नेटवर्क फी कापतात आणि ती ट्रेडच्या लिस्टमध्ये येतच नाही, डिपॉझिट-विड्रॉवलची हिस्टरी वेगळी असते तिथे बघ.

धांदरट
बाहेर पाठवलंच नाही हो काही, लिहिलंय वर.

सरासरीवाला
फी कॉलम नीट बघ भावा. खरेदीची फी ईथरमध्ये आहे आणि विक्रीची यूएसडीटीमध्ये, तू दोन्ही एकत्र बेरीज करून टाकलीस, ०.०००५ ईथरला ०.०००५ यूएसडीटी समजलास! ते ईथर त्या वेळच्या भावाने यूएसडीटीत बदल. पहिल्या खरेदीत ०.०००५ गुणिले २००० म्हणजे १ यूएसडीटी, तर खर्च १००१ झाला. आणि हातात आलेलं ईथरपण ०.४९९५ च धर. भाव मग १००१ भागिले ०.४९९५. बाकी मी तर सरळ सरासरीच काढतो, कुठली खरेदी कुठे विकली ही भानगडच नको.

काटेकोर_काका
अर्धं बरोबर बोललास. फीचं नाणं बघायला सांगितलंस ते एकदम योग्य, पण पुढे तीच फी दोनदा लावलीस. खिशातून गेले १००० च, १००१ नाही. त्या १००० मध्ये ०.५ विकत मिळालं आणि त्यातलंच ०.०००५ एक्सचेंजने ठेवून घेतलं. म्हणजे १००० ला ०.४९९५ मिळालं, भाव पडला २००२.००, फी त्यातच आली. पुन्हा १ चढवलास तर २००४ होतो.

धांदरट, आधी तुझा ३ का ८ सोडवू. डोळे फोडायची गरज नाही, ६६० भागिले २२०० बरोबर ०.३. ८ असता तर Amount १७६० दिसली असती. प्रत्येक ओळीत Price गुणिले Executed हे Amount शी जुळवून बघायचं, स्क्रीनशॉटमधला चुकीचा वाचलेला आकडा तिथेच सापडतो. फी सगळीकडे ०.१ टक्का दिसतेय, म्हणजे तिथे ०.०००३. आणि ०.०००५ अधिक ०.०००३ किती होतात बघ. तुझं हरवलेलं ०.०००८ हेच.

धांदरट
अरे देवा. समोर होतं की.

काटेकोर_काका
आता वरच्या दोन ओळी. डुप्लिकेट नाहीत, भाव वेगळा आहे. एकच विक्रीची ऑर्डर दोन खरेदीदारांत तुटून भरली गेलेली दिसते. ऑर्डर हिस्टरीत हेच ०.६ ची एक ओळ आणि सरासरी भाव असं दिसलं असतं. दोन्ही स्क्रीनशॉट असते आणि दोन्हीतून विक्री उतरवली असतीस तर मात्र खरंच डबल झाली असती.

विक्रीत फी मिळालेल्या पैशातून जाते. २४०० वाल्यात हातात आले ९५९.०४. ते ०.४ सगळं पहिल्या खरेदीतलं, खर्च ८००.८०, फायदा १५८.२४. पहिल्या खरेदीचं उरलं ०.०९९५, तुझ्या हिशोबात इथे ०.१ होतं, तिथेच पाय घसरला. २३९८ वाल्याचं ०.२ भरायला ते ०.०९९५ घे, खर्च १९९.२०, आणि बाकीचं ०.१००५ दुसऱ्या खरेदीतून, तिचा भाव ६६० भागिले ०.२९९७ म्हणजे २२०२.२०, खर्च २२१.३२. आले ४७९.१२, गेले ४२०.५२, फायदा ५८.६०. एकूण २१६.८४.

ताळा असा. उरलेल्या ०.१९९२ चा खर्च ४३८.६८. विकलेल्याचा खर्च १२२१.३२. बेरीज १६६०, तुझ्या दोन्ही खरेद्या. हे जुळत नसेल तर पुढे जाऊच नको.

सरासरीवाला
मान्य, डबल झालं माझं. पण सरासरीने मला १९१.९१ येतात, १६६० भागिले ०.७९९२ करून. २५ चा फरक कसा काय?

काटेकोर_काका
कारण तू स्वस्तातली आणि महागातली खरेदी मिसळलीस. फायदा पळाला नाही, उरलेल्या ईथरचा खर्च तुझ्याकडे कमी धरला गेला, ते विकशील तेव्हा तेवढा जास्त दिसेल. कुठली पद्धत चालते ते ज्याच्या त्याच्या करनियमावर, फक्त मध्येच बदलायची नाही.

धांदरट
एक शंका. दोन्ही विक्री 21:05 च्याच, सेकंद दिसत नाहीत. २३९८ वाली आधी धरली तर?

काटेकोर_काका
चांगला प्रश्न. मग २३९८ वर ७८.७२ आणि २४०० वर १३८.१२ येतील, एकूण तेच २१६.८४. पण एकाच ऑर्डरचे तुकडे असतील तर विकताना आधी सगळ्यात जास्त भाव देणारा संपतो, म्हणून २४०० आधी. दोन वेगळ्या ऑर्डरी होत्या असं निघालं तर स्क्रीनशॉटवरून छातीठोक सांगता येणार नाही, लिस्टमध्ये खालची ओळ आधीची एवढाच आधार.

भरकटलेला
माझ्याकडे फी बीएनबीत कापलीय सगळीकडे, मग ईथर वजा करायचं का मी?

काटेकोर_काका
नाही, तुमचं ईथर पूर्ण आलंय. बीएनबीचा त्या मिनिटाचा भाव लावून खरेदीच्या खर्चात चढवा आणि बीएनबीच्या साठ्यातून तेवढं कमी करा. तुम्हाला तो भाव बाहेरून शोधावा लागेल, स्टेटमेंटवर नसतो.

सरासरीवाला
आणि ते बीएनबी दिलं म्हणजे बीएनबीची विक्री झाली का? त्याचापण नफातोटा?

काटेकोर_काका
काही ठिकाणी तसं धरतात, हो. यांच्या इथे काय ते इथला सीए नसलेला मी नाही सांगणार.

भरकटलेला
चारशे ओळी आहेत हो माझ्या.

धांदरट
पुन्हा केलं, २१६.८४ आणि शिल्लक ०.१९९२, दोन्ही जुळलं. UTC मुळे रात्री 21:05 ची विक्री माझ्या घड्याळात दुसऱ्या दिवशी जाते, ती तारीख कुठली लिहू एवढंच राहिलं.